चौथी सीट : एका सुनीताचे प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईत मराठी कवितालेखनाची एक छोटी कार्यशाळा झाली. चार शनिवार, प्रत्येक वेळी अडीच तास, एकूण बारा सहभागी. शेवटच्या शनिवारी प्रत्येकाने एक पूर्ण सुनीत वाचायचे होते. विषय सर्वांना एकच होता : गजबजलेल्या शहरातला एकटेपणा. इथे त्या बारांपैकी एका कवितेचा प्रवास मांडला आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कविता मात्र सहभागीच्या परवानगीने पूर्ण दिली आहे.

सहभागी सव्वीस वर्षांची, नोकरीसाठी मुंबईत आलेली, मुलुंडला भाड्याच्या खोलीत राहणारी. शाळेत मराठी चांगले होते आणि वृत्ते पाठ होती. मुक्तछंदातल्या काही कविता तिने लिहिल्या होत्या, सुनीत कधी लिहिले नव्हते.

सुनीत म्हणजे चौदा ओळी आणि एक कलाटणी. इटलीत पेट्रार्कने घडवलेल्या रूपात आधी आठ ओळी आणि मग सहा येतात. शेक्सपिअरच्या रूपात चार-चार ओळींची तीन कडवी असतात आणि शेवटी यमकाने बांधलेल्या दोन ओळी. मराठीत हा प्रकार केशवसुतांनी आणला, आणि शार्दूलविक्रीडित हे सुनीताचे जवळजवळ ठरलेले वृत्त झाले. ही परंपरा सहभागीला ठाऊक होती, आणि तिची पहिली अडचण तिथूनच सुरू झाली.

अडचण

पहिल्या शनिवारनंतर तिने सहा ओळी लिहून आणल्या. त्यातल्या पहिल्या दोन अशा :

> एकाकी जनसागरात फिरतो शोधीत आत्मा स्वतः
> गर्दी ही भवती अफाट तरिही कोणी न माझे इथे

वृत्ताच्या दृष्टीने या ओळी निर्दोष आहेत. एकोणीस अक्षरे आहेत, बाराव्या अक्षरावर यती म्हणजे ठरलेला थांबा आहे, लघू-गुरू जागच्या जागी आहेत. मार्गदर्शकाने त्या मोठ्याने वाचल्या आणि विचारले, "हे शहर कोणते?" ओळींत त्याचे उत्तर नव्हते. मुंबईच्या जागी कोलकाता ठेवले किंवा १९२५ साल ठेवले, तरी एक अक्षरही बदलावे लागत नव्हते.

हा दोष कल्पनेच्या कमतरतेचा वाटतो, पण त्याचा मोठा वाटा वृत्ताचा होता. शार्दूलविक्रीडितात प्रत्येक अक्षराचे वजन आधीच ठरलेले असते. 'लोकल' या शब्दाचे वजन गुरू-लघू-लघू. एकोणीस अक्षरांच्या ओळीत तो शब्द फक्त दोन ठिकाणी बसतो : तिसऱ्या अक्षरापासून किंवा आठव्यापासून. 'दादर' आणि 'कोपर' यांचेही तसेच. 'मुलुंड' म्हणजे लघू-गुरू-लघू, त्यालाही दोनच जागा, पाचव्या अक्षरापासून किंवा सातव्यापासून. 'विक्रोळी'ला तर, यती सांभाळायची म्हटली की, ओळीच्या आरंभाखेरीज जागाच नाही. म्हणजे रोजच्या बोलण्यातले बरेच शब्द ओळीच्या दारात अडतात, आणि संस्कृतातून आलेले 'एकाकी', 'जनसागरात', 'आत्मा' सहज आत शिरतात, कारण ते वृत्त त्याच भाषेत घडलेले आहे. लिहिणाऱ्याला वाटते की आपण हे शब्द निवडले. खरे तर वृत्ताने ते पुढे केलेले असतात.

दुसरी खूण 'भवती' आणि 'तरिही' या रूपांत होती. 'भोवती'चे 'भवती' आणि 'तरीही'चे 'तरिही' झाले, कारण तिथे लघू हवा होता. अशी सवलत एखाद्या ओळीत चालते. एका ओळीत दोनदा घ्यावी लागली, तर वृत्त आणि बोली यांचे पटत नाही असे समजायला हरकत नाही.

पुढे असलेले पर्याय

दुसऱ्या शनिवारी तीन वाटांचा विचार झाला.

पहिली वाट : शार्दूलविक्रीडितच ठेवायचे आणि बोलीतले शब्द हट्टाने बसवायचे. हे अशक्य नाही, पण दोन आठवड्यांत चौदा ओळी अशा घडवणे नवख्याला झेपणारे नव्हते.

दुसरी वाट : मुक्तछंदात चौदा ओळी लिहायच्या. सहभागीचा ओढा इकडे होता. मार्गदर्शकाची हरकत अशी की विषयच गर्दीचा आहे. ओळीला ठरलेली रुंदी असली आणि शब्दांना एकमेकांना खेटून उभे राहावे लागले, तर ती दाटी वाचणाऱ्याच्या कानाला जाणवते. रुंदी सैल केली की ही सोय हातची जाते. माझ्या मते ही हरकत रास्त होती. मुक्तछंदातही चांगले सुनीत होऊ शकते, पण या कवितेला दाटीची गरज होती.

तिसरी वाट : मात्रावृत्त. यात अक्षरांचा क्रम ठरलेला नसतो. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, आणि आठ-आठ मात्रांची आवर्तने. मात्रा मोजल्यावर 'दादर' चार, 'गर्दी' चार, 'पिशवी' चार, 'कोपर' चार, 'मुलुंड' चार, 'भांडुप' चार असे निघाले. अर्ध्या आवर्तनाच्या या विटा होत्या, कुठेही लावता येणाऱ्या.

मग ओळ किती लांब? सोळा मात्रांची ओळ आधी करून पाहिली. ती फार उड्या मारत चालली, बालगीताचा ठेका आला. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत एकूण तीस मात्रा असतात, म्हणून तितका दम लागेल अशी ओळ शोधली. आठ, आठ, आठ आणि तीन अशा सत्तावीस मात्रा ठरल्या. सोळा मात्रांनंतर किंचित थांबा आणि ओळीचा शेवट नेहमी गुरू-लघू : 'भार', 'श्वास', 'मान' असा. हा शेवट दार आपटल्यासारखा बंद होतो, आणि सत्तावीस मात्रांच्या लांब ओळीला तशी कड लागतेच.

तिसरी वाट पक्की झाली. पण त्यात दीड सत्र गेले होते, त्याचा उल्लेख शेवटी येईल.

काय केले : आधी यादी

वृत्त ठरल्यावर लगेच लिहू दिले नाही. सहभागीला एका घरपरतीच्या प्रवासातल्या वीस गोष्टी लिहून आणायला सांगितले. अटी दोन : विशेषण नको, आणि भावनेचे नाव नको. 'उदास', 'एकटे', 'परके', 'कोरडे' हे चारही शब्द बाद.

यादीत छत्री होती, मानेवर लागणारा श्वास होता, बाकावरची चौथी सीट होती. लोकलचा बाक तिघांसाठी असतो. चौथी बाई "सरका" म्हणून कडेला टेकते आणि अर्धी हवेत राहते, तीच चौथी सीट. यादीतली सतरावी नोंद अशी होती : "शेजारची झोपली, डोके माझ्या खांद्यावर. मुलुंडला उठवले नाही. ठाण्याला उतरून परत आले."

सहभागीने ही नोंद नंबर भरायचा म्हणून लिहिली होती. गटात यादी वाचली गेली तेव्हा सतरा आल्यावर दोघीतिघींनी मान वर केली. अशा वेळी मार्गदर्शकाने बोलू नये हे बरे, आणि इथे तसेच झाले. पुढच्या मसुद्यात ती नोंद कवितेत आली. फक्त चुकीच्या जागी आली.

दुसरा मसुदा आणि कलाटणीची जागा

दुसऱ्या मसुद्यात बारा ओळी गर्दीच्या वर्णनाच्या होत्या आणि शेवटच्या दोन अशा :

> खांद्यावर त्या झोपुन गेली अनोळखी ती नार
> इतक्या गर्दीमध्ये सुद्धा एकाकी मी फार

मात्रा बरोबर आहेत, यमक बरोबर आहे, आणि दोन्ही ओळी पडलेल्या आहेत. 'नार' हा शब्द आज कुणी बोलत नाही. तो आला, कारण 'फार'ला यमक हवे होते. 'फार' आला, कारण 'एकाकी मी' म्हटल्यावर आठ मात्रा पुऱ्या झाल्या आणि तीन उरल्या. या ओळींतली प्रत्येक गोष्ट जागा भरण्यासाठी आली आहे, आणि त्यात खांद्यावर झोपलेली बाई हरवली आहे.

खरा प्रश्न मात्र यमकाचा नव्हता, हिशेबाचा होता. बारा अधिक दोन अशी रचना घेतली, तर कलाटणीनंतर दोनच ओळी हाती राहतात. एखादा विचार दोन ओळींत उलटवता येतो, शेक्सपिअरच्या सुनीतांत तसे वारंवार होते. पण घटना दोन ओळींत घडवता येत नाही. डोके कलायचे, स्टेशने मागे जायची, आपले स्टेशन यायचे, न उतरण्याचा निर्णय व्हायचा, याला वेळ लागतो. त्या वेळेसाठी ओळी हव्यात.

म्हणून आठ अधिक सहा ही रचना घेतली, पण यमके शेक्सपिअरच्या पद्धतीची ठेवली : अ ब अ ब, क ड क ड, इ फ इ फ, ग ग. पेट्रार्कची अ ब ब अ ही जुळणी एका कडव्यापुरती करून पाहिली होती. सत्तावीस मात्रांच्या ओळीत पहिल्या ओळीचे यमक चौथ्या ओळीत परत येईपर्यंत कान ते विसरलेला असतो. एकाआड एक यमक मात्र ऐकू येते.

कलाटणी नवव्या ओळीत आली. पहिल्यांदा ती अशी लिहिली गेली :

> पण अवचित मग कलले डोके खांद्यावरती सैल

'पण', 'अवचित', 'मग' : तिन्ही शब्द वाचणाऱ्याला सांगतात की आता काहीतरी होणार. तिघांच्या मिळून आठ मात्रा. तेवढ्याच आठ मात्रांचा दुसरा शब्द गाडीच्या मार्गावरच होता : 'विक्रोळीला'. बदल एका शब्दाचा, पण त्याने कलाटणीला तारीख-वेळेसारखी नेमकी जागा मिळाली. कलाटणी आहे हे सांगायची गरजच उरली नाही.

यमकांचा प्रश्न

मराठी वाक्य क्रियापदावर संपते, म्हणून मराठीत यमक फसवे सोपे आहे. 'येते-जाते', 'पाहत-राहत', 'होता-जाता' अशी यमके हवी तितकी मिळतात, आणि ती जुळतात ती शब्दांमुळे नव्हे, प्रत्ययांमुळे. अशा यमकाने काही सांगितले जात नाही. दुसऱ्या मसुद्यात चौदापैकी आठ ओळी क्रियापदावर संपत होत्या.

नियम केला : ओळीचा शेवटचा शब्द क्रियापद असणार नाही. सहभागीने आधी गुरू-लघू शेवटाच्या शब्दांच्या जोड्या काढल्या, ओळी नंतर. 'श्वास-तास', 'शीण-बहीण', 'नीट-सीट' या जोड्या त्या कागदावरच्या. 'शीण' आणि 'बहीण' हे दोन शब्द शेजारी लिहिले गेले तेव्हा बाराव्या ओळीचा अर्थ आधी सापडला आणि ओळ मागून आली. यमक असे अर्थाच्या पुढे चालू लागले, तर त्याला अडवू नये.

'सैल'ला मात्र 'मैल'खेरीज काही सापडले नाही. किलोमीटरच्या शहरात मैल कसा, अशी शंका गटात निघाली. ती खरी आहे. 'सैल' हा शब्द झोपलेल्या मानेसाठी इतका नेमका होता की त्याच्यासाठी 'मैल' पत्करला. असा व्यवहार सुनीतात करावाच लागतो. फक्त तो कोणत्या ओळीच्या फायद्यासाठी केला हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावे.

मात्रा जुळतात आणि ओळ अडखळते

तिसऱ्या मसुद्यात एक ओळ "खिडकीतून पाऊस येतो" अशी सुरू होत होती. मोजल्या तर सोळा मात्रा बरोबर भरतात. तरी ती वाचताना ठेच लागे. कारण 'खिडकीतून'च्या सात मात्रा होतात, आणि आठव्या मात्रेवर आवर्तन संपायचे तिथे 'पाऊस'चा 'पा' दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहतो. एकूण बेरीज पुरेशी नसते. प्रत्येक आठ मात्रांशी शब्द संपला पाहिजे, किंवा निदान अक्षर तरी तुटता कामा नये. याची तपासणी सोपी आहे : दर आठ मात्रांच्या आरंभी टाळी द्यायची. टाळी अक्षराच्या मधे पडली तर ओळ दुरुस्तीला घ्यायची.

सवलतींबाबतही ठरवावे लागले. 'मैत्रीण'चे 'मैत्रिण', 'पासून'चे 'पासुन', 'नाहूर'चे 'नाहुर', 'पाऊण'चे 'पाउण' हे बोलताना तसेही आखूड होतात, म्हणून चालवले. 'अंगावरुनी' आणि 'घालुनी' ही बोलण्यातली रूपे नाहीत, कवितेतली आहेत. त्यांवर खूण करून ठेवली, पण वेळेअभावी ती राहिली.

जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू धरायचे की नाही, यावरही अडले. 'गर्दी'तला 'ग' गुरू, कारण उच्चारात त्यावर आघात येतो. 'उभ्या'तला 'उ' आणि 'दिव्यांचे'तला 'दि' लघू, कारण पुढच्या 'भ्या', 'व्यां'चा भार मागे येत नाही. लिहिलेल्या अक्षरांवरून मोजणाऱ्यांची इथे हमखास चूक होते. शब्द मोठ्याने म्हणून मगच आकडा टाकावा.

सात शब्द

पाचवी ओळ बराच काळ अशी होती : "बोलायाला कुणीच नाही, मनात दाटे रात". रात मनात दाटते हे आतापर्यंत फार जणांनी लिहिले आहे. सहभागीला विचारले गेले, "त्या दिवशी तू खरोखर कोणाकोणाशी काय बोललीस?" तिने आठवून सांगितले ते शब्द एका ओळीत मावले. ते सात भरले, आणि 'सात' हा शब्द 'आत'शी जुळला. एकटेपणाचे वर्णन जाऊन तिथे त्याची मोजणी आली.

शेवटची ओळ

तेरावी ओळ लवकर सापडली होती. चौदावीसाठी आधीची निवड ही :

> कुणी कुणाचे नसते येथे, सांगे चौथी सीट

गटातल्या निम्म्यांना ती आवडली, आणि आवडण्याचे कारण उघड आहे : कवितेचा अर्थ ती हाती देते. पण तोच तिचा दोष. शिवाय ती खोटी आहे. आधीच्या पाच ओळींत कुणीतरी कुणाचे तरी थोडा वेळ झाले आहे, आणि शेवटची ओळ ते नाकारते. सीट तर काही सांगत नाही.

मार्गदर्शकाने सहभागीला सतरावी नोंद पुन्हा वाचायला दिली आणि एकच प्रश्न केला : ठाण्याला उतरल्यावर पहिली भीती कशाची वाटली? उत्तर आले, "टीसीची. माझा पास मुलुंडपर्यंतचाच होता." ओळ त्या उत्तरातून निघाली. पासाची हद्द संपली आणि ती तरी बसून राहिली, एवढेच आता ओळ सांगते.

शेवटची प्रत

> दादर येता चढली गर्दी, बाकावरती चार,
> पिशवी, कोपर, ओली छत्री, मानेवरती श्वास;
> नाव न कळते, गाव न कळते, कळतो नुसता भार,
> तसाच जातो अंगावरुनी रोजच पाउण तास.
>
> सकाळपासुन बोलले किती? मोजून शब्द सात :
> "सरका", "थांबा", "पुढचं कुठलं?", "बरं", "चालतं", "छान".
> उरलेले मग शब्द ठेवते घडी घालुनी आत;
> काचेवरच्या पाण्यामागे पुसट दिव्यांचे रान.
>
> विक्रोळीला कलले डोके खांद्यावरती सैल,
> उतरुन आला माझ्यापाशी उभ्या दिसाचा शीण;
> भांडुप गेले, नाहुर गेले, सरले चारच मैल,
> मैत्रिण नाही, ओळख नाही, ना मी तिची बहीण.
>
> मुलुंड आले. मुलुंड गेले. खांदा धरला नीट.
> पास मुलुंडापुरता माझा, ठाण्यापुरती सीट.

निष्पत्ती

चौथ्या शनिवारी कविता सहभागीने स्वतः वाचली नाही, दुसरीने वाचली. हा कार्यशाळेचा नियम होता. लिहिणारा वाचतो तेव्हा तो खड्डे आवाजाने बुजवतो. दुसरीच्या वाचनात फक्त पाचव्या ओळीत, 'बोलले किती' पाशी, थोडी अडखळ झाली. तिथे आवर्तन पाच आणि तीन मात्रांत फुटते, म्हणून ठेका क्षणभर हलतो. ती ओळ तशीच ठेवली. प्रश्न विचारणारी ओळ जराशी अडखळली तर बिघडत नाही.

ऐकणाऱ्यांपैकी एकाने विचारले की 'एकटी' हा शब्द कुठे आला होता. कवितेत तो नाही. बाराव्या ओळीतल्या 'नाही, नाही, ना'वर बहुतेकांनी बोट ठेवले. ज्यांना लोकलची सवय नव्हती अशा दोघांना 'चार' आणि 'सीट' यांचा संबंध लागला नाही. बाक तिघांचा असतो हे कवितेत कुठेच सांगितलेले नाही, आणि मुंबईबाहेरच्या वाचकाला ती माहिती असेल असे धरता येत नाही. ही कवितेची खरी मर्यादा आहे. तिला तळटीप जोडावी असे मला वाटत नाही, पण पहिल्या ओळीत 'तिघींच्या जागी चार' असा काही अर्थ आणता आला असता तर उत्तम झाले असते. तसे प्रयत्न मात्रांत बसले नाहीत.

वेगळे काय करता आले असते

यादी पहिल्याच शनिवारी करायला हवी होती. वृत्त आधी आणि ऐवज नंतर हा क्रम घेतल्यामुळे दीड सत्र शार्दूलविक्रीडितात गेले. यादी आधी समोर असती, तर 'दादर', 'कोपर', 'मुलुंड' हे शब्द कोणत्या वृत्तात मावतात एवढाच प्रश्न उरला असता आणि त्याचे उत्तर पंधरा मिनिटांत मिळाले असते. ज्यांची यादी 'आत्मा', 'क्षितिज' अशा शब्दांकडे झुकते, त्यांना शार्दूलविक्रीडित सोपे वाटेल, आणि तेवढ्यासाठीच ते टाळलेले बरे.

क्रियापद-यमकांची बंदीही उशिरा आली. दुसऱ्या मसुद्यातल्या आठ ओळी तिच्यामुळे मोडाव्या लागल्या. उलट बाजूने पाहिले तर बंदी पहिल्या दिवशी घातली असती तर कदाचित सहभागी घाबरून थांबली असती. याबाबत दोन्ही मते संभवतात.

सर्वांत कच्ची राहिली ती आठवी ओळ. "पुसट दिव्यांचे रान" ही चित्रासारखी ओळ आहे, पण पहिल्या सात ओळी अंगाला लागतात आणि ही एकटीच काचेपलीकडे पाहते. ती 'छान'ला यमक म्हणून आली हे लपत नाही. कार्यशाळेनंतर पंधरा दिवसांनी सहभागीने तिच्या जागी दुसरी ओळ पाठवली :

> समोरची मग निवडत बसते मेथी पानन्पान.

मात्रा बरोबर आहेत, आणि बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते हे रोजचे दृश्य आहे. ही ओळ आधीच्या आठव्या ओळीपेक्षा सरस आहे यात शंका नाही. अडचण एवढीच की ती घरगुती आहे. तिच्या पाठोपाठ लगेच खांद्यावर डोके येते, तेव्हा डबा आधीच माणसाळलेला असतो आणि नवव्या ओळीची कलाटणी थोडी बोथट होते. उलट मार्गदर्शकाचे म्हणणे असे की समोरची मेथी निवडते ती स्वतःच्या घरासाठी, आणि बोलणाऱ्या मुलीच्या खोलीवर भाजी निवडून ठेवायला कोणी नाही. हे कळले तर ओळ एकटेपणाच वाढवते. सहभागीच्या वहीत सध्या दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिलेल्या आहेत, आणि दोन्हींपैकी कोणतीही खोडलेली नाही.